लोगोतले रंग आणि कोलाडचा फिका पडदा

प्रेझेंटेशन म्हटलं की आपली तयारी ठरलेली असते. आदल्या रात्री हॉस्टेलच्या रूममध्ये लॅपटॉपवर स्लाईड्स करायच्या, कंपनीचा लोगो कोपऱ्यात लावायचा, त्याच रंगात हेडिंगं आणि ग्राफ रंगवायचे आणि "काय भारी दिसतंय!" म्हणून झोपी जायचं. मीही तेच केलं. आणि दुसऱ्या दिवशी माझी जी वाट लागली, त्यातून हा लेख तयार झाला.

सुट्टीत आम्ही तिघं इनप्लांट ट्रेनिंगसाठी रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत होतो. राहायला कोलाडला खोली घेतली होती. कोलाड म्हटलं की लोकांना कुंडलिकेतलं राफ्टिंग आठवतं, नाहीतर १९९९ मध्ये इथूनच वेर्ण्यापर्यंत सुरू झालेली कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी. आमच्या वाट्याला मात्र सांडपाणी प्रक्रिया केंद्र आलं होतं. सहा आठवडे आम्ही एअरेशन टाकीच्या आधीचा आणि नंतरचा सीओडी तिन्ही शिफ्टमध्ये मोजला. आकड्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. रात्रपाळीत एक ब्लोअर बंद ठेवतात, त्या वेळी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी वर चढतो. आमची सूचना साधी होती : रात्री दुसरा ब्लोअर चालू ठेवावा.

हे सगळं एका ग्राफमध्ये होतं. आधीच्या सीओडीची रेघ लोगोतल्या आकाशी निळ्या रंगात, नंतरच्या सीओडीची रेघ लोगोतल्या पोपटी हिरव्या रंगात, मागे पांढरी स्लाईड. ट्रेनिंग हॉलला एका बाजूला मोठ्या काचेच्या खिडक्या, बाहेर सकाळी अकराचं ऊन आणि छताला बरीच वर्षं चाललेला प्रोजेक्टर. ग्राफ आला आणि मागच्या रांगेतून साहेबांचा आवाज आला, "अरे, दोन रेघा म्हणतोस, मला तर दीडच दिसतेय. आऊटलेटची कुठली?" मी लेझर पॉईंटर घेऊन रेघ दाखवायला गेलो, तर ती मलाही जवळून नीट दिसेना. पाच मिनिटं त्यातच गेली. शेवटी "ठीक आहे, रिपोर्ट ठेवून जा" म्हणून विषय संपला. ब्लोअरबद्दल एकानेही प्रश्न विचारला नाही. सहा आठवड्यांचं काम एका पोपटी रेघेपायी वाया गेलं.

आमच्या गाईड साहेबांनी मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरा मिनिटं मिळवून दिली. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते खाली देतो.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही

रोह्याला सुदर्शन केमिकलचा पिग्मेंटचा कारखाना आहे, म्हणून उदाहरण तिथूनच घेऊ. कागदावर पिग्मेंट लावलं की ते प्रकाश शोषून घेतं. छपाईच्या आकाशी शाईत थॅलोसायनिन जातीचं निळं पिग्मेंट असतं, ते तांबडा प्रकाश खातं आणि उरलेला निळसर प्रकाश आपल्याकडे येतो. काळी शाई जवळजवळ सगळाच प्रकाश खाते. म्हणजे कागदावर गडदपणा "लावता" येतो. खोलीत जास्त दिवे लावले तर पांढरा आणि काळा दोन्ही सारख्याच पटीत उजळतात आणि अक्षर उलट जास्त स्पष्ट दिसतं.

प्रोजेक्टरचं उलटं आहे. तो फक्त प्रकाश टाकतो, काढून घेऊ शकत नाही. स्लाईडवर जिथे काळं अक्षर आहे तिथे प्रोजेक्टर काहीच टाकत नाही, आणि तिथे आपल्याला दिसतो तो खोलीतल्या उजेडातला पडदाच. पडदा पांढरा असतो. म्हणून हॉलमध्ये दिवे आणि खिडक्या उघड्या असतील तर "काळं" म्हणजे राखाडी. हा खोलीचा उजेड पडद्यावर सगळीकडे सारखाच मिसळतो, पांढऱ्यातही आणि काळ्यातही. पांढऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण गडद रंगाचा गडदपणा तो संपवून टाकतो.

दिवा जुना झाला की हा तोटा आणखी वाढतो. प्रोजेक्टरच्या दिव्याचं जे आयुष्य तासांमध्ये छापलेलं असतं, ते साधारणपणे उजेड अर्ध्यावर येईपर्यंतचं असतं. दिवा लागतोय म्हणून आपण वापरत राहतो, पण प्रोजेक्टरचा उजेड निम्मा आणि खिडकीचा उजेड तेवढाच.

k नावाचा एकच आकडा

दोन रंगांतला कॉन्ट्रास्ट मोजायचं एक सूत्र वेबसाईट बनवणाऱ्यांमध्ये रूढ आहे. २००८ च्या WCAG 2.0 या मार्गदर्शक नियमावलीत ते दिलं आहे :

```
C = (Y1 + 0.05) / (Y2 + 0.05)
```

इथे `Y1` उजळ रंगाची आणि `Y2` गडद रंगाची सापेक्ष प्रकाशता. पांढऱ्याची प्रकाशता १ आणि काळ्याची ०. साध्या मजकुराला हे गुणोत्तर निदान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना निदान ३ असावं, असा तो नियम आहे.

या सूत्रातला `0.05` म्हणजेच स्क्रीनवर पडणारा बाहेरचा उजेड! पांढऱ्याच्या ५ टक्के इतका तो धरलेला आहे. टेबलावरच्या मॉनिटरसाठी हे ठीक आहे. आमच्या हॉलमध्ये तो ५ टक्के नक्कीच नव्हता. मग किती होता? मोजायचा. त्या `0.05` च्या जागी आपल्या हॉलचा खरा आकडा घातला की तेच सूत्र प्रोजेक्टरला लागू पडतं. त्या आकड्याला आपण `k` म्हणू.

मोजणी अगदी सोपी आहे. कारखान्याच्या सेफ्टी डिपार्टमेंटकडे लक्स मीटर होता, आपल्या कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये तो सहज मिळेल. हॉलमध्ये खिडक्या आणि दिवे प्रत्यक्ष प्रेझेंटेशनच्या वेळी असतील तसेच ठेवायचे आणि वेळही साधारण तीच निवडायची. मीटरचा सेन्सर पडद्याला चिकटवून, तोंड प्रोजेक्टरकडे करून धरायचा. एक पूर्ण पांढरी स्लाईड लावून रीडिंग घ्यायचं, मग पूर्ण काळी लावून घ्यायचं. आपलं अंग मध्ये येऊन खिडकीचा उजेड अडत नाही ना एवढं बघायचं, नाहीतर k खोटा कमी येतो. पडद्याच्या मध्ये आणि चार कोपऱ्यांजवळ मोजून सर्वांत वाईट जागेचा आकडा धरावा. आमच्या पडद्याची खिडकीकडची बाजू सगळ्यात वाईट होती.

तिथे पांढऱ्या स्लाईडला ४८० लक्स आणि काळ्या स्लाईडला ८० लक्स आले. म्हणजे प्रोजेक्टर स्वतः ४०० लक्स देत होता आणि बाकीचे ८० फुकटचे.

```
k = 80 / (480 - 80) = 0.20
```

आता बघा, शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा यांतला कॉन्ट्रास्टसुद्धा ४८० भागिले ८०, म्हणजे फक्त ६ येतो. लॅपटॉपसाठीच्या सूत्राने तोच २१ येतो. म्हणजे त्या हॉलमध्ये ६ च्या वर काहीच मिळणार नाही, तुम्ही कुठलेही रंग घ्या. हे सहा जपून खर्च करायचे आहेत. आम्ही ते उधळले होते.

याची कल्पना डोळ्यांना यावी म्हणून एक प्रयोग करा. k हा ०.२० असताना पडद्यावरचं "काळं" साधारण जसं दिसतं, तो लॅपटॉपवरचा `#717171` हा राखाडी रंग आहे. पांढऱ्या पानावर या राखाडीत एक परिच्छेद टाईप करून रूमच्या दुसऱ्या टोकाहून वाचून बघा. मागच्या बाकावरच्या माणसाला आपलं सर्वांत काळं अक्षर असं दिसतं.

लोगोतून रंग उचलताना

पहिली पायरी म्हणजे लोगोचे खरे रंग मिळवणं. लेटरहेड स्कॅन करून त्यातून रंग उचलू नका. कागदाचा पिवळेपणा आणि स्कॅनरची छटा त्यात येते. वेबसाईटवरून उतरवलेला छोटा जेपीजीही नको, कारण त्यात कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरा मिसळून एकाच निळ्याचे वीस निळे झालेले असतात. कंपनीच्या पीआर किंवा एचआर विभागाकडे लोगोची मूळ फाईल बहुधा असते, ती मागा. नाहीच मिळाली तर मोठ्यात मोठी पीएनजी घ्या, भरपूर झूम करा आणि रंगाच्या सलग भागाच्या मधोमध आयड्रॉपर लावा. दोन-तीन जागी तोच कोड आला की तो खरा.

आम्हाला दोन कोड मिळाले : आकाशी निळा `#00AEEF` आणि पोपटी हिरवा `#8DC63F`. छपाईतला शुद्ध सायन स्क्रीनवर आणला की पुष्कळ वेळा नेमका हाच निळा येतो. म्हणजे हा लोगो कागदासाठी जन्मलेला आहे. पांढऱ्या कागदावर, ट्रकवर, गेटच्या पाटीवर तो उठून दिसतो. फिक्या पडद्यावर बारीक रेघ होऊन जगायला तो बनवलेलाच नाही.

रंगाच्या कोडवरून प्रकाशता काढायला आणि कॉन्ट्रास्ट मोजायला एवढा छोटा प्रोग्रॅम पुरतो :

```python
def Y(h):
    c = [int(h[i:i+2], 16)/255 for i in (0, 2, 4)]
    c = [v/12.92 if v <= 0.04045
         else ((v + 0.055)/1.055)**2.4 for v in c]
    return 0.2126*c[0] + 0.7152*c[1] + 0.0722*c[2]

def con(a, b, k):
    p, q = sorted([Y(a), Y(b)])
    return (q + k)/(p + k)

print(con("00AEEF", "FFFFFF", 0.05))
print(con("00AEEF", "FFFFFF", 0.20))
```

शेवटून दुसऱ्या ओळीचं उत्तर २.५३ येतं आणि शेवटच्या ओळीचं २.१२. प्रोग्रॅममधले तीन गुणकही बघून ठेवा. प्रकाशतेत हिरव्याचा वाटा ७१ टक्क्यांच्या वर आहे आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणून हिरवा मिसळलेला प्रत्येक रंग, पोपटी असो, पिवळा असो की आकाशी, डोळ्याला पांढऱ्याच्या जवळचा वाटतो.

आकाशी निळ्याची प्रकाशता ०.३६५ आणि पोपटीची ०.४६४. आमच्या हॉलमध्ये पांढऱ्यावर निळ्याचा कॉन्ट्रास्ट २.१२, पोपटीचा १.८१. आणि त्या दोघांचा आपापसातला फक्त १.१८! साहेबांना दीड रेघ दिसली यात त्यांच्या चष्म्याचा काहीच दोष नव्हता.

गडद बॅकग्राऊंडचा चकवा

माझ्या पार्टनरने लगेच तोड काढली. "अरे, सोप्पं आहे. बॅकग्राऊंड गडद कर, लोगोचे रंग आपोआप उठून दिसतील." लॅपटॉपवर करून बघितलं आणि खरंच झकास दिसलं. गडद निळ्या `#003D54` वर पोपटी रेघ चमकत होती. ०.०५ धरून हिशोब केला तर आकाशीला ४.६ आणि पोपटीला ५.७ आले. वेबच्या नियमात दोन्ही पास.

मग k च्या जागी ०.२० घातला. आकाशी २.३६, पोपटी २.७७. दोन्ही नापास! कारण उघड आहे. तो गडद निळा हॉलमध्ये गडद राहतच नाही. स्लाईडचा बहुतेक भाग गडद ठेवला म्हणजे बहुतेक पडद्यावर प्रोजेक्टर जवळजवळ काहीच टाकत नाही, आणि तिथे खिडकीचं राज्य सुरू होतं. हॉलमध्ये जाऊन खात्री केली, तर लॅपटॉपवरची गडद निळाई तिथे धुतलेल्या जीन्ससारखी दिसत होती.

गडद बॅकग्राऊंडवर शुद्ध पांढरं अक्षर मात्र चालतं. गडद निळा आणि पांढरा ही जोडी कुठल्याही बाजूने लावा, कॉन्ट्रास्ट ५.० च येतो. अडचण आहे ती मधल्या रंगांची, आणि लोगोचे रंग बहुतेक वेळा मधलेच असतात.

इथे प्रोजेक्टरची जातही मध्ये येते. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये रंगांचं एक चाक फिरत असतं, आणि ऑफिसात वापरायच्या बऱ्याच मॉडेलमध्ये त्या चाकावर एक पारदर्शक भागही असतो. त्याने पांढरा जास्त उजळतो, पण रंगांना त्याचा फायदा मिळत नाही. पिवळा मोहरीसारखा होतो, तांबडा विटेसारखा. अशा प्रोजेक्टरवर गडद बॅकग्राऊंडवरचे रंग हिशोबापेक्षाही मंद दिसतात. आपला प्रोजेक्टर कसा वागतो ते लक्स मीटरनेच कळतं. लोगोच्या रंगाची पूर्ण स्लाईड लावा. आमच्या हॉलमध्ये आकाशीला ०.३६५ गुणिले ४०० अधिक ८०, म्हणजे २२६ लक्सच्या आसपास यायला हवेत. त्याहून बरेच कमी आले तर तुमचा प्रोजेक्टर रंगांना काटकसर करतोय. अशा वेळी पांढरी स्लाईड आणि गडद अक्षरं हाच सुरक्षित मार्ग.

तोच रंग, पण किती गडद?

म्हणून आम्ही पांढरं बॅकग्राऊंड ठेवलं आणि लोगोचे रंगच गडद करायचं ठरवलं. रंगाची जात तीच राहावी, फक्त उजेड कमी व्हावा, यासाठी युक्ती अशी : कोडमधल्या तिन्ही आकड्यांना एकाच गुणकाने गुणायचं. `#00AEEF` म्हणजे ०, १७४, २३९. त्याला ०.६ ने गुणलं की ०, १०४, १४३ म्हणजे `#00688F`. बघणाऱ्याला तो कंपनीचाच निळा वाटतो, फक्त सावलीतला.

किती गडद करायचं हे डोळ्यांनी ठरवायची गरज नाही. सूत्र उलटं फिरवलं की रंगाची जास्तीत जास्त चालणारी प्रकाशता मिळते :

```
Y <= (1 + k)/C - k
```

मजकुरासाठी C ४.५ आणि k ०.२० घातले तर Y ०.०६७ च्या आत हवा. ग्राफच्या जाड रेघांसाठी आणि मोठ्या आकड्यांसाठी C ३ घेतला तर ०.२० पर्यंत चालेल.

निळ्यासाठी आम्ही गुणक उतरवत गेलो. ०.६ ला कॉन्ट्रास्ट ३.७६ आला. हाच रंग लॅपटॉपच्या हिशोबाने ६.२ म्हणजे आरामात पास आहे, पण इथे मजकुराला पुरत नाही. ०.५ ला ४.२६ आला, थोडक्यात हुकला. ०.४ ला ४.७६, पास. थोडी शिल्लक असावी म्हणून ०.३५ घेतला, तो `#003D54`, कॉन्ट्रास्ट ५.०. हिरव्याला रेघेपुरताच वापरायचा होता, म्हणून ०.६ वर थांबलो : `#557726`, कॉन्ट्रास्ट ३.४. हा पोपटी राहत नाही, कढीपत्त्याच्या पानासारखा होतो, पण लोगोशेजारी ठेवला तर नातं ओळखू येतं.

मग शेवटी जे पॅलेट ठरलं ते असं :

बॅकग्राऊंड : पांढरा `#FFFFFF`
मजकूर, हेडिंग आणि मुख्य रेघ : गडद निळा `#003D54`
दुसरी रेघ : गडद हिरवा `#557726`
टेबलची वरची ओळ : गडद निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं
लोगो : मूळ रंगात, कोपऱ्यात, पांढऱ्यावर

लोगोला हात लावायचा नाही. कंपनीला ते आवडत नाही आणि गरजही नाही. लोगो वाचायला कोणी आलेलं नसतं, आणि WCAG च्या नियमातूनही लोगोतल्या अक्षरांना सूट आहे.

टेबलच्या ओळीबद्दल जरा सांगतो, कारण ही चूक आपल्याकडे सर्रास होते. आधी आम्ही तिथे लोगोच्या निळ्याची फिकी छटा `#CCEFFC` भरली होती. लॅपटॉपवर ती सोज्वळ दिसते. हॉलमध्ये तिचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट १.१८, म्हणजे ती मागच्या रांगेत जवळजवळ दिसतच नाही. पण तिच्यावरच्या गडद अक्षरांचा कॉन्ट्रास्ट मात्र ५.० वरून ४.२ वर येतो. म्हणजे फायदा शून्य, तोटा नक्की.

दोन रेघा वेगळ्या कशा दाखवायच्या?

इथे पॅलेटची मर्यादा येते. आमच्या गडद निळ्या आणि गडद हिरव्या रेघेत आपापसात कॉन्ट्रास्ट १.४७ येतो. पूर्वीच्या १.१८ पेक्षा बरा, पण एवढ्यावर विसंबून चालणार नाही. दोन्ही रंगांना पांढऱ्यापासून दूर ढकललं की ते एकमेकांच्या जवळ येणारच. सहा पट जागेत तीन-चार पायऱ्या बसवायच्या तर प्रत्येक पायरी छोटीच राहणार.

म्हणून रेघांची ओळख रंगावर सोडली नाही. आधीच्या सीओडीची रेघ सलग आणि जाड ठेवली, नंतरच्याची तुटक आणि तितकीच जाड. बाजूच्या चौकटीतली रंगांची यादी काढून टाकली आणि रेघेच्या टोकाशीच "टाकीच्या आधी" आणि "टाकीच्या नंतर" असं गडद निळ्यात लिहिलं. रात्रपाळीचा भाग रंगाने न भरता दोन उभ्या रेघांनी आखला. ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्स काढूनही ग्राफ कळला, तर तो पडद्यावरही कळतो. आम्ही खरंच झेरॉक्स काढून बघितली.

रंगांनी न सुटणारा भाग

समजा काळ्या स्लाईडला ८० ऐवजी १२० लक्स आले असते, तर k ०.३० झाला असता आणि पांढऱ्या-काळ्याचाच कॉन्ट्रास्ट ४.३ वर थांबला असता. म्हणजे काळंकुट्ट अक्षरसुद्धा ४.५ गाठत नाही. अशा हॉलमध्ये पॅलेटवर रात्र जागवण्यात अर्थ नाही. आधी खोली सुधारायची.

पहिला उपाय पडदे. आम्ही पडद्याजवळच्या खिडकीला हॉलच्या काकांकडून एक जाड चादर मागून लावली आणि पुढच्या ट्यूब बंद केल्या. काळ्या स्लाईडचं रीडिंग ८० वरून ३० लक्सवर आलं. k झाला ०.०७५ आणि कमाल कॉन्ट्रास्ट ६ वरून थेट १४ च्या वर. तेच गडद निळं अक्षर, काहीही न बदलता, ५.० वरून ९.४ वर गेलं. प्रोजेक्शनच्या कॉन्ट्रास्टसाठी २०११ मध्ये एक अमेरिकन मानक निघालं. त्यात नुसतं बघण्यापुरत्या चित्राला ७ आणि बघून निर्णय घ्यायचा असेल तर १५ अशी गुणोत्तरं धरली आहेत. आमचा हॉल एका चादरीने पहिल्याच्या खालून दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला.

दुसरा उपाय चित्र लहान करणं. प्रोजेक्टरचा उजेड तेवढाच असतो, तो जितक्या जागेत पसरवाल तितका पातळ होतो. चित्राचं क्षेत्रफळ निम्मं केलं की ४०० चे ८०० लक्स होतात. खोलीचे ८० साधारण तेवढेच राहतात, म्हणून k ०.२० वरून ०.१० वर येतो. अक्षरं लहान होतात हे खरं, म्हणून स्लाईडवर ओळी कमी ठेवाव्या लागतात. प्रोजेक्टर इको मोडवर असेल तर तोही काढून बघावा.

एवढं असूनही पॅलेट आम्ही ०.२० साठीच ठेवलं, ०.०७५ साठी नाही. चादर कोणीतरी काढणार, कोणीतरी "नोट्स घ्यायच्यात" म्हणून ट्यूब लावणार, हे गृहीत धरायचं. आणि झालंही तसंच. दुसऱ्या वेळी सुरुवातीलाच एका साहेबांनी पुढचे दिवे लावायला सांगितले. मी मनात म्हटलं, लावा.

ग्राफ आला. मागच्या रांगेतून तोच आवाज आला, "रात्रपाळीला दोन्ही रेघा एवढ्या जवळ का येतात?" मी ब्लोअरबद्दल सांगितलं. मग वीज किती लागेल, मोटर किती हॉर्सपॉवरची, आठवडाभर ट्रायल घेता येईल का, अशी वीस मिनिटं चर्चा झाली. रंगांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मला तेच हवं होतं.

आता आपल्या सेमिनार हॉलबद्दल. प्रोजेक्ट सेमिनारच्या आधी कोणीतरी लॅबमधून लक्स मीटर घेऊन सकाळी अकराला आणि दुपारी तीनला पांढरी-काळी स्लाईड लावून k काढावा आणि तो आकडा कागदावर लिहून पोडियमवर चिकटवावा. दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील.